पाचव्या शब्दापर्यंत क्रियापद आलं का? नोटिफिकेशनमधून वाचल्या जाणाऱ्या उत्तरांबद्दल

प्रश्न: मी एका छोट्या कंपनीच्या ग्राहक मदत विभागात आहे. ईमेल आणि चॅटवर मराठीतून उत्तरं देते. बरेच ग्राहक मेसेज उघडतच नाहीत, नोटिफिकेशनमध्ये दिसते तेवढी पहिली ओळ वाचून उलट प्रश्न विचारतात किंवा चिडतात. उत्तराची सुरुवात कशी करावी? ‘नमस्कार’ आणि आभार काढून टाकले तर उद्धट वाटणार नाही का?

उत्तर:

‘नमस्कार’ची काळजी तुम्ही जास्त करताय, असं मला वाटतं. तो एकच शब्द आहे, थोडी जागा खातो आणि त्याचा बंदोबस्त सोपा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. खरी गोची दुसरीकडे आहे. मराठी वाक्यात निकाल शेवटी येतो. काम झालं की नाही, पैसे मिळणार की नाही, हे सांगणारं क्रियापद आणि त्याला चिकटलेलं ‘नाही’ वाक्याच्या टोकाला असतं. नोटिफिकेशन नेमकं टोकच कापतं. म्हणून ‘नमस्कार’ आणि आभार काढून थेट मुद्द्याला हात घातला, तरी ग्राहकाला मुद्दा कळेलच असं नाही. कधी कधी तर उलटा कळतो, आणि ते जास्त वाईट.

आधी पडद्यावर काय दिसतं ते पाहू. फोन लॉक असताना किंवा वरून पट्टी खाली येते तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, ईमेल असेल तर विषय दिसतो आणि त्याखाली मजकुराचा तुकडा. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन मिटलेलं असताना मजकुराला साधारण एकच ओळ मिळते, बोटाने खाली ओढून उघडलं तर जास्त. आयफोनवर थोडी अधिक जागा मिळते. शिवाय आयफोनच्या मेल अॅपमधल्या यादीत किती ओळी दिसाव्यात हे ज्याचं तो ठरवतो: Preview या सेटिंगमध्ये एकही नाही इथपासून पाच ओळींपर्यंत पर्याय आहेत. ज्यांनी फोनवरचा अक्षरांचा आकार वाढवून ठेवलाय त्यांना आणखी कमी दिसतं. घड्याळावर तर फारच कमी.

म्हणजे ‘किती अक्षरं दिसतात’ याचं एक उत्तर नाही. अक्षरं मोजून देणाऱ्या साधनांवर तर देवनागरीसाठी मुळीच विसंबू नका. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण संगणकाच्या हिशेबात त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई अशी सहा चिन्हं आहेत. पडद्यावरची ओळ मात्र बहुतेक वेळा रुंदी संपली की तुटते, चिन्हं संपली म्हणून नाही. त्यामुळे मी अक्षरं मोजायचं सोडून शब्दांवर आलो. माझा ठोकताळा असा: पहिले पाच शब्द नक्की दिसतील, पुढचे तीन-चार नशिबावर. लांब शब्द असतील तर पाचाचे चार समजायचे. ‘आपल्याकडून मिळालेल्या तक्रारीच्या अनुषंगाने’ यात चार शब्दांतच ओळ भरते.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. ‘पहिली ओळ’ म्हणजे तुम्ही एंटर मारून तयार केलेली पहिली ओळ नव्हे. ईमेलची झलक दाखवताना अॅप सगळ्या ओळी आणि मोकळ्या जागा एकत्र करून मजकूर सलग वाचतं. वर ‘नमस्कार,’ लिहून दोन ओळी सोडून मुद्दा मांडला की लिहिताना ते सुटसुटीत दिसतं, पण ग्राहकाला ‘नमस्कार, आपण आमच्याशी…’ असं एका दमात दिसतं. तेव्हा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात टाकून फायदा नाही, तो मजकुराच्या अगदी सुरुवातीला आला पाहिजे.

आता एक उदाहरण नीट उकलून पाहू. असं प्रकरण कुठल्याही मदत विभागात येतं. ग्राहकाने पैसे भरले, पहिल्या वेळी व्यवहार अडकला म्हणून पुन्हा भरले, आणि खात्यातून दोनदा रक्कम गेली. तो विचारतो, ‘माझे जास्तीचे पैसे परत कधी देणार?’ वस्तुस्थिती अशी की एकच रक्कम कंपनीपर्यंत पोचली. दुसरी बँकेकडेच अडकली आहे आणि ती बँक स्वतःहून परत जमा करणार आहे. नेहमीच्या साच्यातलं उत्तर असं जातं:

> नमस्कार, आपण आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या तक्रारीची आम्ही दखल घेतली असून आपल्या खात्यातून दोनदा वजा झालेल्या रकमेचा परतावा आमच्याकडून देता येणार नाही, कारण सदर रक्कम आमच्याकडे जमा झालेली नसून ती आपल्या बँकेकडे प्रलंबित आहे.

ग्राहकाला दिसतं: ‘नमस्कार, आपण आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल…’ यातून त्याला काहीच कळत नाही. स्वयंचलित पोच असेल असं समजून तो बाजूला सारतो, आणि संध्याकाळी पुन्हा विचारतो, ‘कुणी बघतंय का?’ तुमच्याकडे नोंद असते की उत्तर सकाळीच दिलं.

मग कुणीतरी सुचवतं की आभार काढा, थेट बोला. ते काढले की सुरुवात अशी होते:

> आपल्या खात्यातून दोनदा वजा झालेल्या रकमेचा परतावा आमच्याकडून देता येणार नाही…

दिसतं: ‘आपल्या खात्यातून दोनदा वजा झालेल्या रकमेचा परतावा…’ आता हे पहिल्यापेक्षा वाईट झालं. ग्राहकाच्या मनात जे आहे तेच तो पुढे जोडतो. त्याला परतावा हवा आहे, ‘परतावा’ हा शब्द दिसला, म्हणजे मिळतोय. तो निश्चिंत होतो. चार दिवसांनी जो फोन येतो त्यात ‘तुम्हीच लिहिलं होतंत’ असं वाक्य असतं, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं.

तिसरा प्रयत्न, निकाल पुढे आणण्याचा:

> परतावा देता येणार नाही. दुसरी रक्कम आमच्याकडे आलेली नाही…

क्रियापद आलं, ‘नाही’ आलं, पाच शब्दांच्या आत आलं. नियम म्हणून बरोबर. पण ही ओळ अर्धवट खरी आहे. ग्राहकाचे पैसे बुडालेले नाहीत, ते बँकेकडून परत येणार आहेत, आणि पहिली ओळ वाचून त्याला वाटतं की बुडाले. पुढचं न वाचताच तो चिडून लिहायला बसतो. इथे अडचण वाक्यरचनेची नाही. कंपनीच्या बाजूने निकाल काय, हे आपण सांगितलं. ग्राहकाच्या बाजूने त्याच्या पैशांचं काय झालं, हे सांगायला हवं होतं.

मी असं लिहीन:

> दुसरी रक्कम बँकेकडे अडकली आहे, आमच्याकडे पोचलेली नाही. ती बँकच तुमच्या खात्यात परत जमा करेल, त्यासाठी तुम्हाला अर्ज करायची गरज नाही. बँकेने सांगितलेल्या मुदतीत आली नाही, तर खालचा व्यवहार क्रमांक बँकेला द्या. तुम्हाला दोनदा पैसे भरावे लागले याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

दिसतं: ‘दुसरी रक्कम बँकेकडे अडकली आहे, आमच्याकडे…’ पाचव्या शब्दावर ‘आहे’ आलं, वाक्याचा एक पूर्ण तुकडा पदरात पडला. पैसे कुठे आहेत ते कळलं. पुढचं कापलं गेलं तरी दिसलेलं खोटं ठरत नाही, आणि ‘अडकली’ या शब्दामुळे पुढे काय ते पाहायला तो मेसेज उघडण्याची शक्यता वाढते. दिलगिरी गेली नाही, फक्त शेवटी सरकली. तिथे ती जास्त खरीही वाटते, कारण काय झालं ते सांगून झाल्यावर आली आहे.

या उदाहरणातून मी एक चाचणी काढली आहे. उत्तर पाठवण्याआधी सुरुवातीच्या वाक्यावर अंगठा ठेवायचा, आधी तिसऱ्या शब्दापुढे, मग पाचव्या, मग सातव्या. प्रत्येक वेळी उरलेला तुकडा वाचायचा आणि स्वतःला विचारायचं: एवढंच वाचून समोरच्याने काही केलं, तर त्याचं नुकसान होईल का? तुकडा अपुरा असला तर चालेल. उलट अर्थाचा असता कामा नये. ‘उद्याची भेट ठरल्याप्रमाणे होणार नाही’ हे वाक्य तिसऱ्या आणि चौथ्या शब्दावर नापास होतं, कारण ‘उद्याची भेट ठरल्याप्रमाणे’ एवढंच वाचून माणूस घरातून निघेल. ‘उद्याची भेट रद्द’ हे तिसऱ्या शब्दावर पास.

इथे ‘रद्द’ने काय केलं ते बघा. नकार वाक्याच्या शेपटातून काढून एका शब्दाच्या पोटात घातला. असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत: नामंजूर, बंद, अपूर्ण, बाकी, अशक्य, चुकीचा, अडकलेला. ‘तुमची कागदपत्रं पडताळणीसाठी आवश्यक त्या स्वरूपात मिळालेली नाहीत’ याऐवजी ‘कागदपत्रं अपूर्ण आहेत, पत्त्याचा पुरावा बाकी आहे’. ‘आपण नमूद केलेला क्रमांक आमच्या नोंदीत आढळून येत नाही’ याऐवजी ‘क्रमांक चुकीचा दिसतोय, पुन्हा तपासाल का?’. बोलताना आपण ‘नाही मिळणार’, ‘नाही जमत’ असं उलटं करून नकार पुढे आणतोच. चॅटमध्ये ओळखीच्या ग्राहकाशी ते खपून जातं, पण लेखी उत्तरात ते फटकळ वाटतं. तिथे ‘रद्द’, ‘बाकी’, ‘अपूर्ण’ हेच बरे.

सूचना देताना तर जास्तच सांभाळा. समजा ग्राहकाचं अॅप सुरू होत नाही आणि त्यातली माहिती अजून कुठे साठवलेली नाही. तुम्ही लिहिता, ‘अॅप काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल करू नका, माहिती पुसली जाईल’. पडद्यावर येतं ‘अॅप काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल…’ आणि तो आज्ञाधारकपणे अॅप काढतो! ‘नका’ वाचायला मेसेज उघडेपर्यंत माहिती गेलेली असते. जे करायचं नाही त्याचं वर्णन वाक्याच्या सुरुवातीला नको. जे करायचं आहे ते लिहा: ‘अॅप तसंच ठेवा, काढू नका.’ तिसऱ्याच शब्दावर काम झालं. जिथे होकारार्थी वाक्य जमतच नाही, तिथे मी सुरुवातीला ‘थांबा,’ लिहितो. एरवी कुणाला ‘थांबा’ म्हणणं जरा आगाऊपणाचं, पण माहिती वाचवायची असेल तर चालतं. उठसूट वापरलंत तर मात्र त्याची धार जाते.

‘जर… तर’ आणि ‘जे… ते’ यांचंही तेच. ‘ज्या ग्राहकांनी गेल्या महिन्यात नूतनीकरण केलं आहे त्यांना ही सवलत लागू नाही’ या वाक्याच्या सुरुवातीला ग्राहकाला फक्त स्वतःचं वर्णन दिसतं. त्याच्यासाठी स्वतंत्र उत्तर लिहीत असाल तर वर्गवारी सांगायची गरजच नाही. ‘ही सवलत तुम्हाला लागू नाही’ म्हणा आणि कारण पुढच्या वाक्यात द्या. इथेही ‘नाही’ पाचवा शब्द आहे, काठावर पास. ‘लागू’पर्यंत वाचून ओळ तुटली तर पंचाईत. म्हणून सवलत नव्या ग्राहकांपुरतीच असेल, तर मी ‘सवलत फक्त नव्या ग्राहकांना आहे’ असं लिहीन. त्यात नकार न लिहिताही कळतो, आणि कुठेही तोडलं तरी उलटा अर्थ निघत नाही.

आता ‘नमस्कार’. तो ठेवायचा की नाही हे नातं आणि माध्यम यावर अवलंबून आहे. ग्राहकाने पहिल्यांदाच लिहिलं असेल आणि तेही ईमेलवर, तर ठेवा. एका शब्दाने फारसं बिघडत नाही, फक्त पाचाऐवजी चार शब्द उरले असं समजून पुढचं वाक्य लिहा. त्याच संभाषणात दुसरं, तिसरं उत्तर असेल तर काढा. समोरासमोर बोलतानाही आपण दर वाक्याला नमस्कार करत नाही. काढायचे ते आभार, ‘आपल्या दिनांक अमुकच्या ईमेलच्या संदर्भात’ आणि तक्रार क्रमांक. क्रमांक विषयात असतोच, आणि पाठवणारा कोण ते नावावरून कळतंच, तेव्हा ‘मी अमुक कंपनीतून लिहीत आहे’ हेही वायाच जातं. उद्धटपणाची जी भीती तुम्हाला वाटते, तिचा संबंध पहिल्या शब्दाशी कमी आणि ‘तुम्ही’ की ‘तू’, ‘करा’ की ‘कराल का’, कारण दिलं की नाही, याच्याशी जास्त असतो. ‘उद्याची भेट रद्द’ एवढंच पाठवलं तर ते तुटक वाटतं. ‘उद्याची भेट रद्द करावी लागतेय, क्षमा करा. परवा याच वेळी जमेल का?’ यात काही उद्धट नाही, आणि पहिले तीन शब्द तेच आहेत.

काही ग्राहकांना मात्र अशी सुरुवात खरोखर खटकते. औपचारिक पत्रव्यवहाराची सवय असलेले, किंवा ज्यांच्यावर काही दुःखद प्रसंग ओढवलाय असे. खातेधारकाच्या निधनानंतर नाव बदलण्यासाठी कुणी लिहिलं असेल, तर तिथे माझा कुठलाच नियम लावू नका. आधी सांत्वनाचं एक वाक्य, मग काम. झलकेत फक्त सांत्वन दिसलं तरी चालेल.

चॅटमध्ये एक वेगळीच अडचण आहे. तिथे आपण उत्तर तुकड्यांत पाठवतो: ‘नमस्कार’, मग ‘तपासून सांगतो’, मग उत्तर, आणि शेवटी सवयीने ‘आणखी काही मदत हवी असल्यास कळवा’. मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये सहसा सगळ्यांत शेवटचा मेसेज वर असतो. म्हणजे तीन मेसेज खपून लिहिले आणि ग्राहकाला दिसलं ते मदत हवी असल्यास कळवा! तेव्हा चॅटवर पहिल्या मेसेजइतकीच शेवटच्या मेसेजची सुरुवात महत्त्वाची. उत्तर एकाच मेसेजमध्ये द्या, निरोपाचं वाक्य हवंच असेल तर त्याच मेसेजच्या शेपटीला लावा, वेगळं पाठवू नका. ईमेलच्या साखळीतही हेच होतं. यादीत झलक दिसते ती शेवटच्या मेलची, म्हणून मुद्द्याच्या मेलमागोमाग ‘जोडपत्र राहिलं होतं, सोबत पाठवत आहे’ असा मेल गेला की मुद्दा झाकला जातो. अशा वेळी दुसऱ्या मेलच्या सुरुवातीला मुद्दा पुन्हा लिहावा: ‘रक्कम बँकेकडेच आहे, त्याची पावती सोबत.’

ग्राहकाच्या मेसेजवर बोट ठेवून उत्तर देण्याची सोय चॅटमध्ये असते, तिचाही एक तोटा आहे. अॅपच्या आत तुमच्या उत्तराच्या वर त्याचा प्रश्न दिसतो, नोटिफिकेशनमध्ये मात्र बहुधा तुमचे शब्द तेवढे पोचतात. त्याने विचारलं होतं, ‘जुना प्लॅन बंद झाला का? नवीन सुरू झाला का?’ तुम्ही दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून ‘हो’ लिहिलं, तर त्याला नुसतं ‘हो’ दिसणार. कशाला हो? ‘नवीन प्लॅन सुरू झाला’ असं लिहायला तीन-चार शब्दच जास्त लागतात. होकार-नकार एकट्याने पाठवू नये, सोबत प्रश्नातलं नाम न्यावं.

ईमेलवर आणखी एक गोष्ट तपासा. ती तुमच्या हातात नसेल, पण तांत्रिक विभागाच्या हातात आहे. बऱ्याच तक्रार प्रणाली प्रत्येक उत्तराच्या वर आपली एक ओळ घालतात, ‘कृपया या ओळीच्या वर उत्तर लिहा’ अशा धर्तीची. किंवा सुरुवातीला लोगो असतो आणि त्याच्या जागी ‘कंपनीचा लोगो’ हे पर्यायी शब्द, किंवा ‘हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’. तुम्ही कितीही जपून सुरुवात केलीत तरी झलकेत हेच जाणार, कारण मजकुरात ते आधी आहे. जुन्या पद्धतीने ग्राहकाचा मेल वर ठेवून खाली उत्तर लिहिणाऱ्यांचंही असंच होतं: झलकेत ग्राहकाचेच शब्द त्याला परत दिसतात. यावर उपाय म्हणजे साच्यात सगळ्यांत वर एक लपवलेली ओळ ठेवणे. मेल उघडल्यावर ती दिसत नाही, पण झलक काढणारं अॅप ती आधी वाचतं.

```html
<body>
<div style="display:none; max-height:0; overflow:hidden;">
दुसरी रक्कम बँकेकडे अडकली आहे.
</div>
<!-- लोगो, प्रणालीची ओळ, उत्तर इथून पुढे -->
```

हे केलंत तर आतल्या मेलमध्ये नमस्कार, आभार, सगळं यथासांग ठेवता येतं. दोन पथ्यं पाळा. एक, ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्या, कारण ती छोटी असेल तर अॅप तिच्या मागे पुढचा मजकूर चिकटवतं आणि दोन वाक्यं मिळून भलताच अर्थ तयार होतो. दुसरं, ती ओळ दर उत्तराला नव्याने भरली गेली पाहिजे. कायमची ‘आपल्या तक्रारीबाबत अद्ययावत माहिती’ अशी ठेवलीत तर एका आठवड्यात ग्राहक ती वाचायचं बंद करतील. प्रणालीमध्ये उत्तराचं पहिलं वाक्य आपोआप तिथे उचलून टाकायची सोय असेल तर उत्तम, मग वरची अंगठ्याची चाचणी एकाच जागी करावी लागते.

आतापर्यंत मी मुद्दा पुढे आणा असंच सांगतोय. पण काही उत्तरांत मुद्दाम तो मागे ठेवावा लागतो. पहिली ओळ फक्त ग्राहक वाचतो असं नाही. फोन टेबलावर पडलेला असतो, घरच्यांच्या हातात असतो, मीटिंगमध्ये पडद्यावर जोडलेला असतो, गाडीत मेसेज मोठ्याने वाचून दाखवला जातो. आयफोनवर Show Previews या सेटिंगमध्ये नेहमी दाखवा, फोन उघडल्यावरच दाखवा, कधीच दाखवू नका असे तीन पर्याय आहेत, आणि अँड्रॉइडवरही लॉक स्क्रीनवर मजकूर लपवता येतो. पण ग्राहकाने काय निवडलंय ते आपल्याला कळत नाही. म्हणून आजार, कर्जाचा हप्ता, नोकरीचा निकाल, खात्यातली शिल्लक, पासवर्ड बदलणं असलं काही असेल तर पहिल्या ओळीत विषय उघड करू नका. तरीही ती ओळ पोकळ नको. ‘तुमच्या अर्जावर निर्णय झाला आहे, तपशील आत’ यात काही फुटत नाही, आणि मेसेज उघडणं गरजेचं आहे हे कळतं. निर्णय चांगला असो वा वाईट, दोन्ही वेळी हीच ओळ वापरा. चांगल्या बातमीला ‘अभिनंदन’ आणि वाईटाला ‘निर्णय झाला आहे’ असं सुरू केलंत की दुसरी ओळ स्वतःच निकाल फोडते.

तुमच्याकडे नेमकं काय बिघडतंय हे शोधायला वाचल्याच्या खुणांचा उपयोग नाही. नोटिफिकेशनमधून वाचलं तर व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका उमटत नाहीत, आणि मेल उघडला का याची नोंदही भरवशाची नसते. तुमच्या लेखी न वाचलेला मेसेज त्याने पूर्ण मनावर घेतलेला असू शकतो. त्यापेक्षा जुनी संभाषणं काढून बसा. ज्या ठिकाणी ग्राहकाने असं काही विचारलंय ज्याचं उत्तर तुमच्या आधीच्या मेसेजमध्ये होतं, ती वेगळी काढा. ‘म्हणजे?’, ‘मिळणार ना?’, ‘कधी?’, ‘कुणी बघतंय का?’ हे शब्द शोधलेत तरी बरीच सापडतील. मग त्या प्रत्येक उत्तराचे पहिले पाच शब्द एका कागदावर उतरवा, बाकी काही नाही. ‘कुणी बघतंय का?’ येतं तिथे बहुधा पाच शब्द आभारात गेलेले दिसतील. ‘मिळणार ना?’ येतं तिथे ‘नाही’ कापलं गेलेलं असेल. आणि लगेच चिडलेलं उत्तर आलं असेल, तर तिथे निकाल वेळेवर पोचला होता, फक्त तो कंपनीच्या बाजूने लिहिलेला होता. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून आधी तुमच्याकडे कुठला प्रकार जास्त आहे ते पाहा आणि सगळे साचे एकदम बदलायला घेऊ नका.

नवा साचा वापरात आणण्याआधी तो स्वतःच्या फोनवर पाठवून बघा. फोन लॉक करून, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून, आणि जमलं तर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. त्या आकारात जे दिसेल ते तुमच्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, ‘तू ग्राहक असतीस तर आता काय केलं असतंस?’ तिने ‘मेसेज उघडला असता’ किंवा योग्य ती कृती सांगितली तर साचा ठेवा. ‘म्हणजे पैसे मिळाले ना?’ असं तिने विचारलं, तर पुन्हा अंगठा घेऊन बसा.